गुगलवर दिसते ती कंपनीची माहिती खरी कितपत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपरी-चिंचवड आणि भोसरीतल्या लहान कारखानदारांसाठी मी नव्या ग्राहकांची कागदपत्रं तपासते. उधारीवर माल द्यायचा का, एवढाच बहुतेकांचा प्रश्न असतो. पण तो विचारताना सोबत गुगलवरच्या एखाद्या साइटचा स्क्रीनशॉट येतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वरचेवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भारतात नोंदलेल्या कंपन्यांपुरतंच हे लिहिलं आहे. परदेशी ग्राहकाबद्दल प्रश्न ११ मध्ये थोडं आहे.

१. या साइटना कंपन्यांची माहिती मिळते कुठून? सरकारी माहितीच दाखवत असतील तर ती चुकते कशी?

मूळ माहिती सरकारीच असते. प्रत्येक कंपनी आपले फॉर्म कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे, भरते आणि ते केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदले जातात. या नोंदींचा काही भाग `data.gov.in` वर एकगठ्ठा मिळतो, काही साइट पोर्टलवरून उचलतात, काही विकत घेतलेल्या कागदांतून काढतात. मग प्रत्येक कंपनीचं एक पान तयार होतं.

ते पान तयार झालं त्या दिवशी बहुधा बरोबर असतं. पुढे कंपनी पत्ता बदलते, संचालक बदलतात, कर्ज फिटतं. पान मात्र कुणी पुन्हा ताजं करेपर्यंत तसंच राहतं. सगळ्यात वाईट म्हणजे वेगवेगळ्या तारखांची माहिती एकाच पानावर शेजारी शेजारी बसते. पत्ता गेल्या महिन्याचा, भांडवल तीन वर्षांपूर्वीचं, संचालकांची यादी त्याच्याही आधीची, आणि कशापुढेच तारीख नाही. सातबारा कधी काढलाय हे बघितल्याशिवाय आपण जमिनीचं बोलणं करत नाही. इथे मात्र बिनतारखेच्या उताऱ्यावर लाखाचा माल सोडतो.

दुसरी चूक जुळवणीची. कंपनीचा क्रमांक बदलला की एकाच कंपनीची दोन पानं होतात (प्रश्न ३), आणि सारख्या नावाची दोन माणसं एक होतात (प्रश्न ७). तिसरी अंदाजाची: जी माहिती नोंदीत नाहीच, ती साइट स्वतः भरते (प्रश्न ६).

२. मग मूळ नोंद कुठे बघायची? पैसे पडतात का?

`mca.gov.in` वर. आधी मोफत खातं उघडून लॉगिन करावं लागतं. मग `MCA Services` खाली `Master Data` मध्ये कंपनीचं नाव किंवा क्रमांक टाकला की एक तक्ता येतो: स्थापनेची तारीख, नोंदणीकृत पत्ता, अधिकृत आणि भरणा झालेलं भांडवल, शेवटच्या वार्षिक सभेची तारीख, शेवटच्या ताळेबंदाची तारीख, सद्यस्थिती. संचालकांची नावं आणि बँकांच्या चार्जची, म्हणजे कर्जापोटी ठेवलेल्या तारणांची, यादीही तिथेच मिळते. एवढं सगळं फुकट आहे.

खरे फॉर्म आणि त्यांना जोडलेले कागद हवे असतील तर `View Public Documents` मध्ये जावं लागतं. एका कंपनीसाठी शंभर रुपये भरले की तिचे सार्वजनिक कागद उघडतात. मुदत काही तासांचीच असते, म्हणून उघडल्याबरोबर सगळं डाउनलोड करून ठेवा. मी जेवायच्या सुट्टीआधी उघडून एकदा पुन्हा शंभर रुपये भरले आहेत.

पाहण्याचा हा हक्क कंपनी कायद्याच्या कलम ३९९ ने कोणालाही दिला आहे. कारण सांगावं लागत नाही आणि ज्या कंपनीचे कागद बघता तिला विचारावंही लागत नाही.

३. कंपनीचा तो लांबलचक क्रमांक कसा वाचायचा? एकाच नावाची दोन पानं दिसतात, खरं कुठलं?

त्याला सीआयएन म्हणतात, २१ अक्षरांचा असतो. नमुना असा:

```
U28990MH2014PTCXXXXXX
```

पहिलं अक्षर `U` म्हणजे शेअर बाजारात नसलेली, `L` म्हणजे असलेली. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. मग राज्य (`MH` महाराष्ट्र, `GA` गोवा), स्थापनेचं वर्ष, कंपनीची जात (`PTC` खासगी, `PLC` पब्लिक, `OPC` एकाच माणसाची) आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक.

लोकांना वाटतं हा क्रमांक आधारसारखा जन्मभर एकच राहतो. तसं नाही. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली, खासगीची पब्लिक झाली किंवा शेअर बाजारात उतरली की तो बदलतो. स्थापनेचं वर्ष मात्र तेच राहतं. साइटच्या दृष्टीने नवा क्रमांक म्हणजे नवी कंपनी, म्हणून ती नवं पान उघडते आणि जुनं तसंच जिवंत ठेवते. जुन्या पानावर बरेच दुवे असल्यामुळे गुगल तेच वर दाखवतं.

म्हणून शोध नावावरून घेऊच नका. ग्राहकाच्या लेटरहेडवर किंवा बिलावर सीआयएन असतोच. तो छापणं कलम १२ नुसार सक्तीचं आहे. तिथला क्रमांक घ्या आणि पोर्टलवर टाका. लेटरहेडवर सीआयएन नसेल तर तेवढ्यावरूनच पहिला प्रश्न ग्राहकाला विचारता येतो.

४. लेटरहेडवर चाकणजवळचा पत्ता आहे, पण गुगलवर तीच कंपनी बंगळुरूची दाखवते आणि भांडवल फक्त एक लाख. ही फसवणूक समजायची का?

अगदी असंच एक प्रकरण भोसरीतल्या एका जॉबवर्क करणाऱ्याने आणलं होतं, ते पूर्ण सांगते. ऑर्डर अठरा लाखांची, साठ दिवसांची उधारी. साइटवरच्या पानावर सीआयएनमध्ये `KA2014` होतं, पत्ता बंगळुरूचा, संचालक तीन. लेटरहेडवर `MH2014`, पत्ता चाकणचा, सही करणारा त्या तिघांपैकी एक. तो म्हणाला, "ताई, पार्टी बोगस दिसतेय, नको म्हणून टाकतो."

लेटरहेडवरचा क्रमांक पोर्टलवर टाकला. कंपनी निघाली. स्थापना २०१४, पत्ता चाकण, संचालक दोन, भरणा झालेलं भांडवल दोन कोटी. मग शंभर रुपये भरून कागद उघडले. एका राज्यातून दुसऱ्यात जायला प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते आणि तो आदेश `INC-28` या फॉर्मने नोंदवावा लागतो. तो आदेश तिथे होता, त्यापाठोपाठ नवं प्रमाणपत्रही होतं. तिसऱ्या संचालकाचा राजीनामा `DIR-12` मध्ये होता. भांडवल वाढल्याचा `PAS-3` होता. म्हणजे बंगळुरूचं पान स्थलांतराच्या आधीचं, आणि कंपनी तीच.

त्याच साइटवर चाकणचंही एक पान होतं, फक्त खाली दडलेलं. त्यावर भांडवल पाच कोटी लिहिलं होतं. तेही चूक! पाच कोटी हे अधिकृत भांडवल, म्हणजे जास्तीत जास्त किती शेअर काढता येतील त्याची मर्यादा. प्रत्यक्षात भागधारकांनी भरलेले पैसे दोन कोटी. एका पानाने कंपनी नको इतकी लहान दाखवली, दुसऱ्याने नको इतकी मोठी.

आमचा निर्णय मात्र या दोन्हींवरून झाला नाही. चार्जच्या यादीत एका बँकेचा चार्ज उघडा होता: सगळा साठा आणि सगळी येणी बँकेकडे तारण. याचा अर्थ आपला माल त्यांच्या गोदामात पडला की तोही बँकेच्या तारणात जातो. कंपनी बुडाली तर बँक आधी, आपण मागे. असा चार्ज असणं काही गुन्हा नाही, खेळत्या भांडवलाचं कर्ज घेणाऱ्या बहुतेक कंपन्यांचा असतो. पण साठ दिवस अठरा लाख उघड्यावर ठेवायचे की नाही, हे ठरवायला हीच गोष्ट कामाची होती. त्याने निम्मे पैसे आगाऊ घेतले, उरलेल्याला तीस दिवस दिले. दोन्ही पानांवर चार्जचा उल्लेखच नव्हता.

५. स्थिती `Active` आहे, म्हणजे कंपनी चालू आहे ना?

`Active` चा अर्थ एवढाच की कंपनीचं नाव नोंदवहीतून काढलेलं नाही. गाळ्याला कुलूप असेल, कामगार नसतील, तरी हा शब्द दिसतो.

त्याच तक्त्यातल्या दोन तारखा जास्त बोलतात: शेवटची वार्षिक सभा आणि शेवटचा ताळेबंद. मार्चअखेर वर्ष संपलं की सप्टेंबरअखेरपर्यंत सभा, तिच्यानंतर ३० दिवसांत `AOC-4` ने ताळेबंद आणि ६० दिवसांत `MGT-7` ने वार्षिक विवरण, असा नेम आहे. त्यामुळे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मार्च २०२४ चा ताळेबंद शेवटचा दिसला तर बिचकायचं कारण नाही, नवा भरायची मुदत अजून सरलेली नसते. त्याच दिवशी मार्च २०२१ चा दिसला तर मात्र तीन वर्षांचे कागद भरलेले नाहीत. सलग तीन वर्षं असं झालं की कलम १६४ खाली संचालक अपात्र ठरतात आणि निबंधक कंपनीचं नाव काढायलाही घेऊ शकतात.

`Under CIRP` दिसलं तर दिवाळखोरीची कारवाई सुरू आहे. तुमची जुनी येणी असतील तर `ibbi.gov.in` वर जाहीर सूचना शोधा. दावा दाखल करायची तारीख तिच्यात असते. साइटवर हा बदल दिसेपर्यंत थांबलात तर ती तारीख निघून गेलेली असू शकते.

६. साइटवर "उलाढाल १० ते ५० कोटी" असं लिहिलंय. हे कुठून आलं?

असा पट्टा नोंदीत कुठेच नसतो. कधी जुन्या ताळेबंदावरून, कधी धंद्याचा प्रकार आणि भांडवल बघून बांधलेला तो अंदाज असतो. खरा आकडा `AOC-4` सोबतच्या नफा-तोटा पत्रकात सापडतो, आणि त्यासाठी प्रश्न २ मधले शंभर रुपये खर्चावे लागतात.

पत्रक उघडल्यावर आधी वरची ओळ वाचा: आकडे रुपयांत आहेत, हजारांत की लाखांत? कागदावरून आकडे उचलताना ही ओळ सुटली की लाख पटीपर्यंतची चूक होते. ७४० लाखांची उलाढाल ७४० रुपये अशी दाखवलेली मी पाहिली आहे. ती हास्यास्पद असल्यामुळे लगेच पकडली जाते. उलट दिशेची चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

७. मी दोन वर्षांपूर्वी संचालकपद सोडलं, तरी माझं नाव तिथे झळकतंय. काय करू?

आधी पोर्टलवर तुमचा डीआयएन, म्हणजे संचालकाचा आठ आकडी ओळख क्रमांक, टाकून बघा. नाव तिथून गेलं असेल तर चूक फक्त साइटची. `DIR-12` ची प्रत जोडून त्यांना कळवा. बहुतेक ठिकाणी दुरुस्तीचा अर्ज असतो.

पोर्टलवरही नाव असेल तर साइटशी भांडून उपयोग नाही, कारण ती मूळ नोंदच दाखवते आहे. राजीनामा मिळाल्यावर ३० दिवसांत `DIR-12` भरणं कंपनीचं काम आहे. कंपनी ते करत नसेल तर कारणांसह राजीनाम्याची प्रत संचालकाला स्वतः `DIR-11` ने निबंधकाकडे देता येते. राजीनामा कंपनीला पोचल्याचा पुरावा, ईमेल असो वा पोस्टाची पावती, हाताशी ठेवा. कायद्याने राजीनामा कंपनीला मिळाला त्या दिवसापासून किंवा त्यात लिहिलेल्या नंतरच्या तारखेपासून लागू होतो.

नाव तुमचं पण कंपनीशी कधी संबंधच नव्हता, असंही होतं. आपल्याकडे एका आडनावाची, एकाच वडिलांच्या नावाची माणसं काही कमी नाहीत. एका माणसाला एकच डीआयएन घेता येतो, तेव्हा त्यावरून लगेच उलगडतं. कुठल्याही संचालकाची तपासणी नावावरून करूच नका.

८. पोर्टलवर ग्राहकाचं नावच सापडत नाही. खोटा आहे का?

बहुधा ती कंपनीच नसते. मालकी धंदा किंवा भागीदारी संस्था कंपनी पोर्टलवर नसते. भागीदारीची नोंद राज्याच्या भागीदारी संस्था निबंधकाकडे असते, तीही केलेली असेल तर; दुकानाकडे गुमास्ता असतो. एलएलपी मात्र याच पोर्टलवर दिसते, वेगळ्या क्रमांकाने.

झटपट ओळखायचं तर जीएसटी क्रमांकाचं सहावं अक्षर बघा:

```
27AAAFX0000X1ZX
```

पहिले दोन आकडे राज्याचे (२७ महाराष्ट्र, ३० गोवा), पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर इथे सहावं येतं: `C` कंपनी, `F` भागीदारी किंवा एलएलपी, `P` एकटा माणूस, `H` हिंदू अविभक्त कुटुंब. बिलावर "प्रायव्हेट लिमिटेड" आणि सहावं अक्षर `P`, असं आढळलं तर तिथेच थांबा.

मग `gst.gov.in` वर `Search Taxpayer` मध्ये तो क्रमांक टाका. कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणी चालू की रद्द, आणि विवरणपत्रं कोणत्या महिन्यापर्यंत भरली, हे लॉगिनशिवाय कळतं. धंदा खरोखर चालू आहे का, याचा हा सगळ्यात ताजा पुरावा. ताळेबंद वर्षातून एकदा येतो, हे विवरण महिन्याला किंवा तिमाहीला.

९. साइट म्हणते कंपनीचं नाव काढून टाकलंय, मालक म्हणतो चालू आहे. कोण खरं?

दोघंही असू शकतात. २०१७ मध्ये देशभर दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली गेली. त्यातल्या काही नंतर कलम २५२ खाली कंपनी न्यायाधिकरणात जाऊन पुन्हा नोंदल्या गेल्या. कंपनी, सभासद, धनको किंवा कामगार यांना त्यासाठी २० वर्षांपर्यंतची मुदत आहे. तेव्हा साइटवरचा `Strike Off` जुना असू शकतो.

मालकाला आदेशाची प्रत मागा आणि पोर्टलवर आजची स्थिती बघा. आदेश आहे पण पोर्टलवर अजून `Strike Off` आहे, तर आदेश निबंधकाकडे `INC-28` ने नोंदवायचा राहिला असेल. तो नोंदला जाईपर्यंत उधारी देऊ नये, असं माझं मत.

१०. पण पोर्टलवरची नोंद तरी खरी कशावरून?

चांगला प्रश्न, आणि फार कमी जण विचारतात. कंपनीने काय जाहीर केलं, त्याचा पुरावा पोर्टलवर मिळतो. ते खरं आहे, असं निबंधक प्रत्येक वेळी तपासून सांगत नाही. बरेच फॉर्म सही आणि शुल्क बरोबर असलं की आपोआप नोंदले जातात. खोटी माहिती भरणं हा कलम ४४८ खाली गुन्हा आहे, पण तो उघड व्हायला वेळ लागतो.

म्हणून एकच गोष्ट दोन वेगळ्या कार्यालयांत सारखी आहे का, ते बघते. कंपनी पोर्टलवरचा पत्ता आणि जीएसटीवरचा पत्ता जुळतो का? न जुळणं दर वेळी वाईट नसतं: नोंदणीकृत कार्यालय सीएच्या ऑफिसात आणि कारखाना एमआयडीसीत, हे अगदी सर्रास आहे. पण मग कारखान्याचा पत्ता जीएसटीत जादा ठिकाण म्हणून तरी दिसायला हवा. चार्जचंही तसंच: फिटलेलं कर्ज `CHG-4` भरला नाही म्हणून उघडं दिसत राहतं. तिथे बँकेचं ना-देय पत्र मागायचं.

११. ग्राहक परदेशी असेल तर?

ज्या देशात नोंदणी, तिथली नोंदवही. ब्रिटनमध्ये कंपनीज हाउसवर तक्ता आणि दाखल केलेले कागद दोन्ही फुकट बघता येतात, तेव्हा तिथे संकलक साइटकडे जायचं कारणच नाही. अमेरिकेत नोंदणी राज्यागणिक होते. डेलावेअरच्या मोफत शोधात नाव, क्रमांक, स्थापनेची तारीख आणि नोंदणीकृत एजंट दिसतो, संचालक दिसत नाहीत. अशा कंपनीच्या पानावर साइटने संचालकांची नावं दिली असतील तर ती त्या नोंदवहीतून आलेली नाहीत, हे धरून चाला.

१२. सगळं जुळलं: सीआयएन, पत्ता, जीएसटी, ताळेबंद. तरी फसवणूक होऊ शकते?

होते. कारण हे सगळे कागद सार्वजनिक आहेत, तुमच्याइतकेच ते ठकालाही मिळतात. तो एका चांगल्या कंपनीचं लेटरहेड बनवतो, त्यावर खरा सीआयएन टाकतो आणि माल उतरवायचा पत्ता तेवढा वेगळा देतो. कंपनी खरी असते, समोरचा माणूस तिचा नसतो. नोंदवही याचं उत्तर देऊ शकत नाही.

इथे मी एकच करते. ऑर्डरवरच्या नंबरवर फोन करत नाही, ऑर्डरच्या मेलला उत्तरही देत नाही. कंपनीच्या फॉर्ममध्ये नोंदलेल्या ईमेलवर खरेदीची ऑर्डर जोडून दोन ओळी पाठवते आणि तीच प्रत नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने. तो ईमेल पुष्कळदा सीएचा असतो, पण सीए तो पुढे पाठवतो. गेल्या पावसाळ्यात पंपाच्या सुट्या भागांची एक ऑर्डर अशीच पाठवली होती. चौथ्या दिवशी कंपनी सेक्रेटरीचं उत्तर आलं: क्रमांक आमचा, शिक्का आमचा नाही, आणि तुम्ही लिहिलेल्या नावाचा खरेदी अधिकारी आमच्याकडे कधीच नव्हता. टेम्पो भरून दारात उभा होता, तो परत रिकामा केला.